दुकान बंद असताना आलेला मेसेज

दुकान बंद झाल्यावर व्हॉट्सॲपवर आलेल्या चौकशीला यंत्राने लगेच एक निरोप पाठवायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, ज्या चौकश्यांना माणसाचे उत्तर गेलेले नाही त्या शोधून काढायच्या, अशी ही दोन भागांची व्यवस्था आहे. पहिला भाग सोपा असून तो फुकट मिळतो. घोटाळे जवळपास सगळे दुसऱ्या भागात होतात आणि त्यातले बरेच पहिल्या भागामुळेच होतात.

व्हॉट्सॲप बिझनेस हे छोट्या व्यावसायिकांसाठीचे ॲप २०१८ च्या जानेवारीत आले. त्यात ‘बिझनेस टूल्स’मध्ये Away message नावाची सोय आहे. ती चालू करून मजकूर लिहायचा आणि तो कधी जावा हे ठरवायचे. त्यासाठी तीन पर्याय असतात. Always send म्हणजे कायम, Custom schedule म्हणजे आपण दिलेल्या तारखेपासून तारखेपर्यंत आणि Outside of business hours म्हणजे दुकानाच्या वेळेबाहेर. रोजच्या वापरासाठी तिसरा पर्याय योग्य. मात्र ॲपला दुकानाची वेळ कळते ती बिझनेस प्रोफाइलमध्ये भरलेल्या वारवार वेळापत्रकावरून, त्यामुळे ते आधी भरावे लागते.

दिवाळीत चार दिवस दुकान बंद ठेवताना अनेक जण Custom schedule निवडतात. ते बरोबरच आहे, पण एका वेळी एकच पर्याय लागू असतो. सुट्टी संपल्यावर परत Outside of business hours निवडले नाही, तर त्यानंतर कोणत्याही रात्री निरोप जात नाही. दुकान सुरळीत चालू असते, त्यामुळे हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

निरोप न जाण्याचे आणखी साधे कारण म्हणजे फोन. ॲपमधला हा निरोप जाण्यासाठी दुकानाच्या फोनला इंटरनेट चालू असावे लागते. रात्री वायफायचा राउटर बंद करून फोन गल्ल्यात ठेवून कुलूप लावले, तर निरोप जाणार नाही. व्यवस्था चालते का, हे तपासायलाही थोडी काळजी लागते. निरोप कुणाला जावा हे निवडता येते आणि ‘ॲड्रेस बुकमध्ये नसलेल्यांना’ हा पर्याय असेल, तर घरच्या माणसाने केलेल्या चाचणीला उत्तरच येत नाही, कारण त्याचा नंबर फोनमध्ये साठवलेला असतो. चाचणी अनोळखी नंबरावरून करावी.

मजकूर लिहिताना सर्वांत मोठी चूक होते ती ‘उद्या’ या शब्दाची. ॲपमधला मजकूर एकच असतो, तो वाराप्रमाणे बदलत नाही. “उद्या सकाळी उत्तर देऊ” हे मंगळवारी रात्री खरे असते आणि शनिवारी रात्री खोटे. म्हणून वेळ सांगावी ती वेळापत्रकाच्या रूपात: “नमस्कार. दुकान आता बंद आहे. वेळ सोमवार ते शनिवार, सकाळी १० ते रात्री ८. काय हवे आणि किती नग, ते लिहून ठेवा. दुकान उघडल्यावर दुपारी १२ पर्यंत उत्तर देऊ.” यातला ‘काय आणि किती’ हा भाग निव्वळ सौजन्याचा नाही. ग्राहकाने रात्रीच तपशील लिहून ठेवला की सकाळचा एक प्रश्न आणि त्याच्या उत्तराची वाट पाहणे वाचते. आणि ‘१२ पर्यंत’ हे वचन असल्याने सकाळची यादी करणे ओघाने आलेच.

आता ती यादी. ‘उत्तर न गेलेले मेसेज’ म्हणजे काय, याची सरळ व्याख्या अशी वाटते: ज्या संभाषणात शेवटचा मेसेज ग्राहकाचा आहे, ते उत्तर राहिलेले. नेमकी ही व्याख्या स्वयंचलित निरोपामुळे फसते. रात्री ८:४० ला ग्राहकाचा मेसेज येतो, त्यामागोमाग यंत्राचा निरोप जातो. आता संभाषणात शेवटचा मेसेज दुकानाचा झाला. नोंदीनुसार सगळ्यांना उत्तर गेलेले आणि सकाळची यादी कोरी. निरोप जितका चोख जाईल तितकी यादी अधिक खोटी. म्हणून यंत्राने पाठवलेल्या प्रत्येक मेसेजवर तशी खूण ठेवून व्याख्या बदलावी लागते: यंत्राचे मेसेज वगळल्यावर जिथे शेवटचा शब्द ग्राहकाचा उरतो, ते उत्तर राहिलेले.

ईमेलच्या जगाने ही अडचण फार आधी ओळखली होती. बर्कलीच्या युनिक्समधला vacation हा जुना प्रोग्रॅम सुट्टीवर गेलेल्याच्या वतीने उत्तर पाठवत असे आणि एकाच माणसाला, वेगळे काही सांगितले नसेल, तर आठवड्यातून एकदाच पाठवत असे. २००४ च्या ऑगस्टमध्ये निघालेल्या RFC 3834 या दस्तऐवजाने अशा उत्तरांवर पुढील खूण लावायला सांगितले:

```
Auto-Submitted: auto-replied
```

ही खूण पाहून समोरचे यंत्र उलट उत्तर द्यायचे टाळते. तसे नसते, तर सुट्टीवर गेलेल्या दोन माणसांची यंत्रे एकमेकांना रात्रभर उत्तरे देत बसली असती. ‘एका बंद काळात एका माणसाला एकच निरोप’ हा नियम आजही याच कारणासाठी ठेवावा लागतो. शिवाय पाठोपाठ तीन ओळी पाठवणाऱ्या ग्राहकाला तोच मजकूर तीनदा जाणे वाईट दिसते, ते वेगळेच.

ॲप वापरणाऱ्या दुकानदाराला ही यादी हातानेच करावी लागते. Unread हा गाळणीचा पर्याय जवळचा वाटतो, पण तो न वाचलेले दाखवतो, उत्तर न दिलेले नव्हे. रात्री घरी कुणी सहज चॅट उघडून पाहिली, की ती त्या यादीतून गेली. त्यापेक्षा लेबल बरे. ‘उत्तर बाकी’ असे एक लेबल करून, चॅट उघडणाऱ्याने उत्तर दिले नसेल तर ते लावायचे आणि उत्तर दिल्यावर काढायचे. शिस्त लागते, पण रोजच्या वीस-पंचवीस चौकश्यांना ती पुरते.

चौकश्या वाढल्या आणि तीन-चार माणसे एकाच नंबरावरून बोलू लागली, की व्यवसाय ॲपऐवजी व्हॉट्सॲपच्या एपीआयवर जातात. तिथे मेसेज दुकानाच्या स्वतःच्या किंवा भाड्याने घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्ये येतात आणि निरोप व यादी दोन्ही आपोआप होऊ शकतात. पण तिथे एक अट आहे, जी ॲपमध्ये नाही. ग्राहकाच्या शेवटच्या मेसेजपासून २४ तासच मोकळेपणाने उत्तर देता येते. त्यानंतर फक्त आधी मंजूर करून घेतलेला ठरीव मजकूर, म्हणजे टेम्प्लेट, पाठवता येतो आणि त्याचे पैसे पडतात. साधा मेसेज पाठवून पाहिला, तर 131047 हा त्रुटी-क्रमांक मिळतो. सकाळची यादी जोडून आलेल्या सुट्टीत कशी अडकते, ते यावरून कळते.

समजा, सोलापुरात चादरी आणि टॉवेलांचे एक दुकान आहे. वेळ सोमवार ते शनिवार १० ते ८, रविवारी बंद. शनिवारी संध्याकाळी ७:५० ला पहिल्या ग्राहकाने डबल बेडच्या चादरीची चौकशी केली. दुकान उघडे होते म्हणून निरोप गेला नाही, आणि आवराआवरीत उत्तरही राहिले. ८:४० ला दुसऱ्याने लग्नासाठी ५० टॉवेलांचा भाव विचारला. त्याला निरोप गेला. त्याने रविवारी दुपारी २:१० ला “रंग कोणते?” असे पुन्हा विचारले, पण बंद काळ तोच असल्याने निरोप परत गेला नाही. शनिवारीच ९:३० ला तिसऱ्या ग्राहकाने दुकानाचा पत्ता विचारला. त्यालाही निरोप गेला. रविवारी रात्री ११ ला चौथ्याने पार्सलची विचारणा केली, त्यालाही निरोप गेला आणि मालकाने घरूनच ११:२० ला त्याला उत्तर दिले.

सोमवारी सकाळी ९:४५ ला यादी निघते. चौथा ग्राहक तीत नसतो, कारण यंत्राच्या निरोपानंतर माणसाचे उत्तर गेले आहे. बाकी तिघे असतात. ‘बंद काळात आलेले मेसेज’ एवढेच शोधले असते, तर पहिला सुटला असता, आणि त्याला तर निरोपही गेलेला नाही. मोकळ्या उत्तराची मुदत मात्र एकट्या दुसऱ्याची शिल्लक आहे, सोमवारी दुपारी २:१० पर्यंत, कारण त्याने रविवारी पुन्हा लिहिले. पहिल्याची मुदत रविवारी संध्याकाळी ७:५० ला संपली आणि तिसऱ्याची ९:३० ला. या दोघांना “शनिवारी आपण चौकशी केली होती, माहिती हवी असल्यास उत्तर द्या” अशा टेम्प्लेटनेच गाठावे लागेल. ग्राहकाने उत्तर दिले की २४ तास पुन्हा सुरू होतात. स्वस्त उपाय म्हणजे रविवारी दुपारी कुणीतरी घरबसल्या यादी पाहणे. दहा मिनिटांचे काम आहे.

म्हणून यादी आधी आला तो आधी अशी न लावता, मुदत चालू असलेल्यांत जिची मुदत आधी संपते ती वर, अशी लावावी. मुदत संपलेल्यांची थोडी वाट पाहिली तरी त्यांचे आणखी नुकसान होत नाही. शिवाय ही यादी दुकानातल्या माणसाकडे जावी, थेट ग्राहकाकडे नव्हे. रात्री एक यांत्रिक मजकूर मिळालेल्याला सकाळी “आपली चौकशी आमच्याकडे आहे” असा दुसरा मिळाला, तर चिडच वाढते. यादीत “ठीक आहे, धन्यवाद” म्हणून संपलेली संभाषणेही येतात. शेवटचा शब्द ग्राहकाचा असला तरी तिथे उत्तर देण्यासारखे काही नसते. ती माणसाने पाहून बंद करायची. शब्द ओळखून यंत्राने ती गाळायची ठरवली, तर “ठीक आहे, पण भाव?” हेही गाळले जाते.

एपीआयवरच्या व्यवस्थेत एक चूक हटकून होते ती घड्याळाची. मेसेजसोबत येणारी वेळ जागतिक प्रमाणवेळेवर मोजलेली असते आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. प्रोग्रॅममध्ये हा फरक धरला नाही, तर १० ते ८ ची वेळ प्रत्यक्षात दुपारी ३:३० ते रात्री १:३० अशी लागू होते. लक्षण ठळक असते: सकाळी ११ ला भर दुकानात “दुकान बंद आहे” असा निरोप जातो आणि रात्री ९ ला काहीच जात नाही. ग्राहक भर दुपारी असा निरोप मिळाल्याचे सांगू लागले, तर आधी हीच जागा तपासावी.