चिकटवलेला चेहरा

वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचा चेहरा चिकटवल्यासारखा दिसतो, तेव्हा दोष बहुधा कडेचा असतो. फोटोतली कड ब्लेडने कापल्यासारखी नसते. नीट फोकस झालेल्या फोटोतही गडद रंगातून फिकट रंगात जायला तिला दोन-तीन पिक्सेल लागतात.

म्हणून फोटोशॉपमध्ये फोटो २०० टक्के मोठा करून आधी कॉलरची कड पाहावी. रंग दोन पिक्सेलांत बदलत असेल, तर मास्कला Feather साधारण १ पिक्सेल पुरे. सरसकट ५ दिला की जुन्या पार्श्वभूमीचं धुरकट वलय उमटतं.

डोळ्यांवर फोकस असलेल्या पोर्ट्रेटमध्ये मागचा खांदा मात्र मुळातच धूसर असतो. तिथे मास्कवर ब्लर टूल फिरवून तेवढीच कड मऊ करावी.

कटआउटचा आकार आधी ठरवून मगच हे माप घ्यावं. फोटो लहान केला की त्यातल्या कडाही आखडतात.