नायट्याचे कपडे आणि कढत पाणी

घरात एकाला नायटा झाला, त्याने मलम लावलं, महिन्याभरात बरं वाटलं आणि पावसाळ्यात पुन्हा तेच. मग बायकोला, मग मुलीला. त्वचारोगतज्ज्ञांकडे अशी अख्खी कुटुंबं येतात. अर्धवट सोडलेला औषधोपचार आणि दुकानातून परस्पर आणलेली स्टेरॉइडची मलमं ही त्याची मोठी कारणं आहेत. पण कपड्यांकडे मात्र फारसं कुणी पाहत नाही. नायट्याची बुरशी कातडीच्या वरच्या थरावर जगते. त्या थराचे डोळ्यांना न दिसणारे कण चड्डीत, टॉवेलात, चादरीत झडतात आणि त्यांच्यासोबत बुरशीचे बीजाणूही. हे बीजाणू कापडात महिनोन्‌महिने तग धरू शकतात. गार पाण्यात साबणाने धुतल्यावर त्यातले बरेच निघून जातात, सगळे मरत नाहीत. उलट, त्याच बादलीत किंवा मशीनमध्ये भिजलेल्या इतरांच्या कपड्यांवर त्यातले काही जाऊन बसतात.

आजारपणानंतरचे किंवा कुणी वापरलेले कपडे धुताना ‘जंतू मारायचे’ एवढाच विचार केला जातो. पण कोणता जंतू, हे आधी ठरवावं लागतं. खरजेचा किडा माणसाच्या अंगाबाहेर साधारण दोन-तीन दिवसच जगतो. त्यामुळे खरूज झालेल्या माणसाची रेशमी साडी किंवा लोकरी शाल प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर ठेवली तरी काम होतं, तिला पाणी लावायची गरज नाही. नायट्याला हा उपाय चालत नाही, बीजाणू आठवड्याने मरत नाहीत. त्यांना मारायचा घरातला सर्वांत खात्रीचा मार्ग उष्णता. ६० अंश सेल्सिअसच्या धुण्यात ही बुरशी मरते, ३० अंशांच्या धुण्यात वाचते.

आता ६० अंश म्हणजे किती? आपण अंघोळीला घेतो ते पाणी चाळिशीच्या आसपास असतं. पन्नाशीच्या पाण्यात हात फार वेळ टिकत नाही. म्हणजे ज्या पाण्यात हात घालून कपडे चोळता येतात, ते पाणी या कामाला पुरेसं गरम नाही. गिझरचं पाणी बादलीत पडेपर्यंत आणि त्यात कपडे भिजेपर्यंत बरंच उतरतं. मशीनमध्ये हीटर असेल आणि बटणावर ६० लिहिलेलं असेल तर प्रश्नच मिटला, तो कार्यक्रम लावा. मात्र वरून कपडे टाकायच्या अनेक मशीनमध्ये हीटर नसतो, नळाचं पाणी जसं येईल तसंच त्यात खेळतं.

हीटर नसेल तर बादलीचा हिशोब करावा लागतो. समजा, घरातल्या कॉलेजच्या मुलाला जांघेत नायटा आहे. त्याच्या धुण्यात चार सुती चड्ड्या, बनियन, एक टॉवेल, पॉलिएस्टरची ट्रॅकपँट, एक जीन्स आणि चादर आहे. आधी सगळं एकदा गार पाण्यात साबण लावून धुऊन, पिळून घ्यायचं. मळ आणि तेलकटपणा निघाला की पुढचं काम नीट होतं. मग चड्ड्या, बनियन आणि टॉवेल मोठ्या पातेल्यात पाण्यात बुडवून दहा मिनिटं खळखळ उकळायचे. पांढऱ्या सुती कपड्यांसाठी याहून सोपं आणि खात्रीचं काही नाही. पूर्वी परीट भट्टी लावत तेव्हा हेच होत असे, सोड्याचं पाणी आणि वाफ. सुती धागा उकळणं सहन करतो. नवा कपडा थोडा आटेल, रंगीत असेल तर रंग सोडेल, म्हणून रंगीत कपडे पांढऱ्यांपासून वेगळे उकळावेत.

ट्रॅकपँट उकळायची नाही. पॉलिएस्टर साठीच्या पाण्यात टिकतं, पण त्याच्या बरंच वर गेलं की त्याला चुण्या पडतात आणि त्या इस्त्रीनेही धड जात नाहीत. तिला बादली. सहा लिटर उकळत्या पाण्यात तीन लिटर नळाचं विसण घातलं तर पाणी ७४ अंशांच्या आसपास येतं. पिळलेल्या कपड्यांतही दोनेक लिटर गार पाणी असतंच. ते मिसळल्यावर बादलीतलं पाणी पासष्टीवर उतरतं. अर्धं उकळतं आणि अर्धं गार, असा नेहमीचा अंदाज घेतला तर ओले कपडे टाकताच पाणी पंचावन्नच्या आसपास आलेलं असतं. इथेच बहुतेकांचं चुकतं. बादलीवर ताट झाका, भोवती जुनी गोधडी गुंडाळा, दहा-पंधरा मिनिटांनी थोडं पाणी काढून तेवढंच उकळतं पाणी घाला आणि एकूण अर्धा तास ठेवा. स्वयंपाकघरातला थर्मामीटर असेल तर बुडवून पाहावा. बादली जाड प्लास्टिकची किंवा धातूची असावी, कपडे आधी टाकून वर पाणी ओतावं, ढवळायला काठी घ्यावी आणि लहान मुलं जवळ नसावीत.

जीन्स हा खरा अवघड कपडा. जाड कापड, कमरेची शिवण चार पदरी, आणि आजकाल त्यात ताणणारा धागा. तीच गत लेगिंग्जची आणि चड्डीच्या इलॅस्टिकची. हा ताणणारा धागा गरम पाण्याने हळूहळू सैल पडतो. नायटा मात्र नेमका कमरेच्या पट्ट्याखाली आणि जांघेतच असतो. इथे माझं मत स्पष्ट आहे: चड्डी स्वस्त आहे, इलॅस्टिक गेलं तर गेलं, ती उकळावी आणि सहा महिन्यांनी नवी आणावी. जीन्स उलटी करून बादलीत घालावी, वाळल्यावर कमरेच्या पट्टीवर आणि मधल्या शिवणींवर आतून कडक इस्त्री फिरवावी. सुतीच्या आकड्यावरची इस्त्री दोनशे अंशांच्या जवळ जाते. शिवणीच्या पदरात ती उष्णता पोहोचेल इतका वेळ ती एका जागी दाबून धरली पाहिजे. आणि उपचार चालू असेपर्यंत घट्ट जीन्स व लेगिंग्ज बाजूलाच ठेवाव्यात. सैल सुती पायजमा धुवायलाही सोपा आणि कातडीलाही बरा.

रेशीम आणि लोकर यांचं गणित वेगळं. दोन्ही प्राण्यांपासून आलेली, प्रथिनांची बनलेली. गरम पाणी, सोडा आणि रगडणं एकत्र आलं की लोकर आटून जमते आणि रेशमाची चमक जाते. ते कपडे ड्राय-क्लीनिंगला द्यावेत. व्हिस्कोस किंवा रेयॉन ओलं झालं की त्याची ताकद जवळजवळ निम्मी होते, म्हणून गरम पाण्यातून काढताना ते पिळू नये.

आता जंतुनाशक द्रवांकडे येऊ, कारण खरा गैरसमज तिथेच आहे. पाण्यात टाकताच दुधाळ होणारा, उग्र वासाचा द्रव घरोघरी असतो. त्यात क्लोरोक्सायलेनॉल असतं आणि पुरेशा प्रमाणात ते अनेक जिवाणूंवर चालतं. पण दहा लिटरच्या बादलीत दहा मिलिलिटर टाकलं की ते हजार पट पातळ होतं. शिवाय उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरससारख्या चिवट विषाणूंवर त्याचा भरवसा धरता येत नाही. वास आला म्हणजे कपडा निर्जंतुक झाला, असं नाही.

दुसऱ्या प्रकारच्या द्रवात सेट्रिमाइड आणि क्लोरहेक्सिडीन असतं. ही द्रव्यं कपड्याच्या साबणाशी आणि पावडरीशी जुळतच नाहीत. दोन्ही एकत्र आली की एकमेकांना निकामी करतात. साबणाच्याच पाण्यात हा द्रव ओतणारा माणूस आपले पैसे मोरीत ओततो. वापरायचाच तर कपडे दोनदा खळबळून साबण पूर्ण गेल्यावर, शेवटच्या पाण्यात, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात. आणि क्लोरहेक्सिडीन लागलेल्या सुती कपड्यावर पुढे ब्लीच घातलं तर तपकिरी डाग पडतो आणि तो जात नाही.

ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. हे चिवट विषाणूंवर चालतं, पण फक्त सुती व पॉलिएस्टरच्या पांढऱ्या कपड्यांसाठी. रेशीम आणि लोकर त्यात अक्षरशः विरघळतात, नायलॉन आणि ताणणारा धागा पिवळे पडून कमकुवत होतात, रंगीत कपड्याचा रंग जातो. पुरेसं गरम पाणी नसेल तर ०.०५ टक्के क्लोरीनच्या पाण्यात कपडे अर्धा तास भिजवावेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाटलीवर ५ टक्के लिहिलं असेल तर दहा लिटर पाण्याला १०० मिलिलिटर, ४ टक्के असेल तर १२५. पाणी गारच घ्यायचं, कारण गरम पाण्यात ब्लीचची ताकद लवकर उडते. उलटी, शी, रक्त लागलेला कपडा आधी गार पाण्याने स्वच्छ करून घ्यायचा. घाणच क्लोरीन खाऊन टाकते, आणि थेट गरम पाणी ओतलं तर डाग कापडात घट्ट बसतो. ब्लीचसोबत संडास धुण्याचं ॲसिड किंवा व्हिनेगर कधीही नको, त्यातून विषारी वायू निघतो. खिडकी उघडी आणि हातात रबरी मोजे असावेत.

वापरलेले कपडे घेताना हाच विचार लावावा. रस्त्यावरच्या ढिगातून आणलेला कॉटनचा शर्ट, नातलगांच्या बाळाची दुपटी-झबली, गोधडीसाठी गोळा केलेल्या जुन्या सुती साड्या, यांना घरात आल्याबरोबर एक गार धुणं, मग साठीचं पाणी किंवा उकळ आणि कडक ऊन पुरतं. जंतुनाशकाची गरज नाही. जुना स्वेटर किंवा लोकरी कोट घेतला तर आठवडाभर बंद पिशवीत ठेवून मग ड्राय-क्लीनिंगला द्यावा. वापरलेली चड्डी, मोजे, पोहण्याचा पोशाख आणि टोपी घेऊच नये. ते कातडीला सर्वांत जवळ असतात आणि नेमकं त्यांचंच कापड गरम पाणी सोसत नाही.

नायट्याच्या घरात एवढं करा: आजारी माणसाची बादली आणि टॉवेल वेगळा ठेवा, कपडे न झटकता थेट बादलीत टाका, उलटे करून उन्हात वाळवा आणि डॉक्टर औषध बंद करायला सांगेपर्यंत गरम पाण्याचं धुणं थांबवू नका. घरात दुसऱ्या कुणाला खाज सुटली असेल तर त्यालाही त्याच दिवशी डॉक्टरांकडे घेऊन जा.