हात उचलल्यावर का दुखतं?

पोटात दुखतं म्हणून डॉक्टरांकडे गेलं की ते पोट दाबून बघतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पण दाबताना त्यांची नजर कुठे असते, कधी पाहिलंय? पोटाकडे नाही, तुमच्या चेहऱ्याकडे! आणि काही पोटं अशी असतात की दाबल्यावर दुखतं त्याहून जास्त हात उचलल्यावर दुखतं.

समजा, पेडण्याची दहा वर्षांची एक मुलगी आहे. काल संध्याकाळी तिच्या बेंबीभोवती दुखायला लागलं. जेवण नको झालं, एकदा उलटीही झाली. सकाळी पाहावं तर दुखणं बेंबीपासून सरकून उजवीकडे खाली, कमरेच्या हाडाजवळ आलेलं. आईबाबा तिला घेऊन म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात निघाले. गाडीत सरळ रस्त्यावर ती गप्प होती, पण गतिरोधक आला की "आई गं!" करून पोट धरायची.

दुखणं सरकलं कसं? मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला बोटभर लांबीची एक शेपटी असते, अपेंडिक्स. ती सुजली की तिच्या नसा मेंदूला कळवतात खरं, पण जागा नेमकी सांगता येत नाही. बेंबीजवळच्या त्वचेच्या नसाही मज्जारज्जूच्या त्याच भागात शिरतात, म्हणून मेंदूला वाटतं बेंबीपाशीच दुखतंय. पोटाच्या भिंतीला आतून मात्र एक पातळ अस्तर असतं, पेरिटोनियम. सूज तिथवर पोचली की चित्र बदलतं, कारण या अस्तराला त्वचेसारखीच नेमकी जागा कळते. आणि त्याला धक्का मुळीच सोसत नाही.

आता डॉक्टर काय करतात बघा. मुलीला उताणं झोपवून गुडघे थोडे वाकवायला सांगतात, म्हणजे पोट सैल पडतं. आधी हात चोळून ऊब आणतात. सुरुवात दुखऱ्या जागेपासून कधीच करत नाहीत. डावीकडून हळूहळू उजवीकडे येतात. उजवीकडे आल्यावर हाताखालचे स्नायू आपोआप ताठ होतात. याला गार्डिंग म्हणतात, म्हणजे आतल्या दुखऱ्या भागावर स्नायूंनी घातलेला पहारा. पण गार हातामुळे, गुदगुल्यांमुळे, भीतीमुळेही पोट आवळलं जातं. मग खरा पहारा कसा ओळखायचा? डॉक्टर शाळेच्या गप्पा काढतात, दीर्घ श्वास सोडायला लावतात, कधी छाती तपासायचा स्टेथोस्कोपच पोटावर ठेवून हलकेच दाबतात. मन दुसरीकडे गेलं की भीतीचा ताठपणा विरघळतो. आजाराचा ताठपणा तसाच राहतो, कारण तो त्या मुलीच्या हातातच नसतो.

हात सावकाश दाबला की अस्तर सावकाश आत जातं. तो झटकन उचलला की अस्तर उसळी मारून जागेवर येतं आणि कळ उठते. हे रिबाउंड. जेकब ब्लुमबर्ग या जर्मन डॉक्टरांनी 1907 साली ही खूण नोंदवली. ही तपासणी फार दुखते, म्हणून आता बरेच डॉक्टर मुलांना नुसतं खोकायला किंवा उजव्या पायावर उडी मारायला सांगतात. उडीला घाबरणारं मूल बरंच काही सांगून जातं.

आणि गतिरोधक? इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी 2012 साली याचाच अभ्यास छापला. अपेंडिक्सच्या संशयाने आलेल्या 64 रुग्णांना त्यांनी विचारलं, गतिरोधकावर दुखणं वाढलं का? 34 जणांचं अपेंडिक्स खरंच सुजलेलं निघालं आणि त्यांतल्या 33 जणांना दुखणं वाढलेलं जाणवलं होतं! पण उरलेल्या 30 जणांचं अपेंडिक्स ठीक असूनही 21 जणांना तसंच जाणवलं होतं. म्हणजे गतिरोधकावर दुखलं नाही तर अपेंडिक्सची शक्यता कमी होते, पण दुखलं म्हणून लगेच ऑपरेशन ठरत नाही. म्हणूनच डॉक्टर रक्त तपासतात, सोनोग्राफी करतात.

हातालाही मर्यादा आहेत. अपेंडिक्स आतड्यामागे लपलेलं असेल तर पुढून पोट मऊच लागतं. बाळांमध्ये आणि म्हाताऱ्या माणसांत खुणा पुसट असतात. सगळ्यांत फसवी वेळ म्हणजे अपेंडिक्स फुटल्यावरची. ताण सुटल्यामुळे दुखणं थोडा वेळ कमी होतं, घरच्यांना वाटतं बरं झालं. मग पू पसरतो आणि सगळं पोट फळीसारखं कडक होतं. अशा पोटाला थांबायला वेळ नसतो.

आपल्या मुलीचा पहारा गप्पांनीही हटला नाही, खोकल्यावर तिने उजवीकडेच बोट दाखवलं आणि सोनोग्राफीत अपेंडिक्स जाड दिसलं. ऑपरेशन ठरलं. खुणा अर्ध्याच असत्या, तर डॉक्टरांनी तिला ठेवून घेतलं असतं आणि काही तासांनी, शक्यतो त्याच डॉक्टरांनी, पुन्हा पोटावर हात ठेवला असता. कारण सकाळचं मऊ पोट दुपारी ताठ झालंय का, हे सकाळी तपासणाऱ्या हाताला सगळ्यांत चांगलं कळतं.