रसायनकाळी थायरॉइडची गोळी

वैद्यांच्या चिठ्ठीवर औषधापुढे कधी ‘रसायनकाळी’ लिहिलेलं असतं, कधी ‘अपानकाळी’, कधी ‘निशाकाळी’. रसायनकाळ म्हणजे सकाळी उठल्यावर, अनशेपोटी. अपानकाळ म्हणजे जेवणाआधी आणि निशाकाळ म्हणजे झोपताना. औषध कोणतं, याइतकंच ते कधी घ्यायचं यालाही आयुर्वेदाने महत्त्व दिलं, हे खरं. अडचण अशी की थायरॉइडचे डॉक्टरही त्यांची गोळी नेमकी त्याच वेळी घ्यायला सांगतात. मग सकाळी सहा वाजता एकाच पेल्यातल्या पाण्यासोबत दोन्ही औषधं पोटात जातात. ‘दोन्हीही रिकाम्या पोटीच सांगितली होती’ हे रुग्णाचं म्हणणं अगदी बरोबर असतं.

थायरॉइड मंदावलेल्यांना दिली जाणारी लिव्होथायरॉक्सिनची गोळी नखावर मावेल एवढी असते आणि त्यातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. पंचाहत्तर मायक्रोग्रॅम म्हणजे एका मिलिग्रॅमपेक्षाही कितीतरी कमी. रिकाम्या पोटी घेतली तर त्यातलं साधारण सत्तर-ऐंशी टक्के औषध लहान आतड्यातून रक्तात उतरतं. मात्रा एवढी बारीक असल्याने आतड्यात थोडं जरी अडलं तरी फरक पडतो. आणि हे औषध अडवणाऱ्यांत कॅल्शियम आणि लोह आघाडीवर आहेत.

इथे भस्मांचा संबंध येतो. शंखभस्म, कपर्दिक भस्म, प्रवाळ पिष्टी, मौक्तिक पिष्टी ही नावं वेगवेगळी असली, तरी शंख, कवडी, पोवळं आणि मोती हे चारही पदार्थ मुख्यत्वे कॅल्शियम कार्बोनेटचे. पित्तासाठी घरोघरी आणली जाणारी कामदुधा यांच्याच मिश्रणातून बनते आणि तिच्यात गेरूही असतो. गेरू म्हणजे लोहाचं ऑक्साइड. मंडूर भस्म आणि पुनर्नवा मंडूर ही तर उघडच लोहाची औषधं. थायरॉक्सिनचे रेणू पोटातल्या आम्लात कॅल्शियम कार्बोनेटला चिकटतात. शिवाय ही भस्मं आम्ल कमी करतात आणि गोळी नीट विरघळायला तेच आम्ल लागतं. म्हणजे नुकसान दोन्ही बाजूंनी.

या भस्मांवर मोठे अभ्यास झालेले नाहीत. पण त्यांच्यातल्या घटकांवर झालेत. १९९२ साली एका अभ्यासात थायरॉक्सिन घेणाऱ्या चौदा रुग्णांना त्याच वेळी लोहाची गोळीही देण्यात आली. बारा आठवड्यांत त्यांच्या टीएसएचची सरासरी १.६ वरून ५.४ वर गेली. थायरॉक्सिनची मात्रा तीच होती, घेण्यात खंड नव्हता, फक्त सोबत बदलली होती.

प्रत्यक्षात हा घोळ कसा होतो, ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू. बावन्न वर्षांच्या एक गृहिणी पंचाहत्तरच्या गोळीवर वर्षानुवर्षं स्थिर आहेत. टीएसएच अडीच-तीनच्या आसपास. पित्त वाढलं म्हणून त्या सकाळच्या गोळीबरोबर कामदुधा दुधातून घेऊ लागतात. हिमोग्लोबिन कमी आलं म्हणून मंडूरही तेव्हाच. दोन-तीन महिन्यांनी अंग जड वाटतं, केस गळतात, पोट साफ होत नाही. बद्धकोष्ठासाठी मैत्रीण इसबगोल सुचवते आणि तोही सकाळीच सुरू होतो. आता टीएसएच येतं ९.८. डॉक्टर विचारतात, ‘गोळी चुकते का?’ त्या म्हणतात, ‘एक दिवस नाही.’ खरंच चुकलेली नसते. ‘आणखी काही औषधं?’ यावरही उत्तर ‘नाही’, कारण कामदुधा त्यांच्या लेखी औषध नसून घरातलंच काहीतरी असतं. गोळी शंभरची होते.

इथपर्यंत गोष्ट फार बिघडलेली नाही. ती बिघडते पुढे. पित्त शमतं, कामदुधा संपते, मंडूरही बंद होतो. आता शंभरची गोळी अडसराविना पूर्ण लागू पडते. छातीत धडधड, हात थरथरणं, झोप उडणं सुरू होतं आणि टीएसएच ०.१ वर घसरतं. या वयात अशी अवस्था लांबली तर हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा आणि हाडं विरळ होण्याचा धोका असतो. थायरॉक्सिन घेणाऱ्याचा रिपोर्ट विनाकारण वरखाली होऊ लागला, तर मात्रा बदलण्याआधी डबीशेजारी आणखी काय ठेवलंय ते पाहावं, ते यासाठीच.

उपाय सोपा आहे. गोळी सकाळी सहाला फक्त पाण्याबरोबर. चहा-नाश्ता अर्ध्या ते एका तासाने. कॅल्शियम किंवा लोह असलेलं काहीही निदान चार तासांनंतर, म्हणजे सहाची गोळी असेल तर दहाच्या पुढे. सोयीचं म्हणजे दुपारच्या जेवणानंतर. त्यासाठी वैद्यांना काळ बदलून मागावा; बहुतेक वेळा तो मिळतो. इसबगोल रात्री पेलाभर पाण्याबरोबर. इसबगोलामुळे थायरॉक्सिन अडतं याचे पुरावे लोह-कॅल्शियमइतके भक्कम नाहीत, पण त्याचा चिकट गर बाकीची औषधंही धरून ठेवू शकतो, तेव्हा अंतर ठेवण्यात तोटा नाही. काही जणांना डॉक्टर थायरॉइडची गोळी रात्री, शेवटच्या खाण्यानंतर तीन तासांनी घ्यायला सांगतात. त्यांनी मात्र इसबगोल रात्री घेऊ नये. आपली सोय पाहून स्वतःच वेळ बदलणाऱ्यांची फसगत इथेच होते.

घड्याळाची ही युक्ती आतड्यापुरतीच चालते. अश्वगंधाचं तसं नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत थायरॉइड किंचित मंद असलेल्या पन्नास जणांपैकी काहींना आठ आठवडे रोज सहाशे मिलिग्रॅम अश्वगंधा अर्क दिला. त्यांची थायरॉइड संप्रेरकं वाढली आणि टीएसएच उतरलं. ऐकायला हे छान वाटतं, पण आधीच थायरॉक्सिन घेणाऱ्यात हीच भर जास्तीची ठरू शकते. अश्वगंधा सकाळी घेतली काय आणि रात्री घेतली काय, तिचं काम रक्तातल्या संप्रेरकांवर होतं. तिथे चार तासांचं अंतर निरुपयोगी.

याहून बोलकं उदाहरण मुंबईतल्या संशोधकांचं आहे. फिट्ससाठी फेनिटॉइन घेणाऱ्या दोन रुग्णांचे झटके पुन्हा सुरू झाले आणि रक्तातलं फेनिटॉइन घटलेलं आढळलं. दोघंही शंखपुष्पीचं औषध घेत होते. संशोधकांनी उंदरांवर पडताळणी केली. दोन्ही औषधं तोंडाने एकेकदाच दिली तेव्हा फेनिटॉइनची पातळी घटली नाही. बरेच दिवस सोबत दिल्यावर मात्र घटली. म्हणजे अडथळा आतड्यातल्या तेवढ्यापुरत्या गाठीभेटीचा नव्हता. हा अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध झाला, आणि आजही परीक्षा जवळ आली की स्मरणशक्तीसाठी शंखपुष्पी आणली जाते. घरात फिट्सचा रुग्ण असेल तर ती त्याच्यासाठी नाही.

वेळ बदलल्यावर आठवडाभरात टीएसएच करून पाहण्यात अर्थ नसतो. थायरॉक्सिन रक्तातून निम्मं व्हायलाच साधारण सात दिवस लागतात, त्यामुळे नवी पातळी स्थिरावायला सहा ते आठ आठवडे जातात. तपासणी तेव्हाच करावी आणि तोपर्यंत गोळीची मात्रा आपल्या मनाने कमीजास्त करू नये. मधल्या काळात भस्म किंवा अश्वगंधा सुरू केली वा सोडली, तर तारीख कॅलेंडरवर टिपून ठेवावी. डॉक्टरकडे जाताना बाटल्या, पुड्या, चूर्णाच्या डब्या सगळं पिशवीत घालून न्यावं, कारण घटकद्रव्यांची यादी वेष्टणाच्या मागे छापलेली असते आणि तिच्यात मुक्ता, शुक्ती, वराटिका, प्रवाळ, शंख, मंडूर किंवा लोह यांतलं एखादं नाव दिसलं, तर त्या औषधाची जागा सकाळच्या गोळीशेजारी नाही.