उत्तर दिलं नाहीत तरी चालेल

कोथरूडमधल्या एका निवृत्त शिक्षिका आपला दोन बेडरूमचा फ्लॅट स्वतःच विकायचा ठरवतात असं समजू. सकाळी दहाला त्या पोर्टलवर जाहिरात टाकतात: चार फोटो, ९५० चौरस फूट, १ कोटी १५ लाख. चहा होईपर्यंत फोन वाजायला लागतो. संध्याकाळपर्यंत आलेल्या बहुतेक फोनांमध्ये एकच वाक्य असतं, "मॅडम, पार्टी तयार आहे." या धंद्यात 'पार्टी' म्हणजे घेणारा. एका दिवसात इतक्या पार्ट्या तयार असतील तर फ्लॅट संध्याकाळी विकला जायला हवा होता. तो विकला जात नाही.

एजंटांच्या अशा गर्दीत एखाद्याचा पहिला मेसेज वाचावासा वाटतो तो कशामुळे, हे शोधताना मला एका फ्रेंच प्रयोगाने चकित केलं. निकोला गेगाँ आणि अलेक्झांद्र पास्कुआल या दोघांनी २००० साली तो प्रसिद्ध केला. एक अनोळखी माणूस बाजारात लोकांकडे बसभाड्यासाठी सुटे पैसे मागतो. नुसतं मागितलं तेव्हा १० टक्के लोकांनी दिले. मग त्याने शेवटी एवढंच जोडलं की, द्यायचे की नाकारायचे हे तुम्हीच ठरवा. आता देणारे ४७.५ टक्के झाले! मागणी तीच होती. नाही म्हणायची मुभा समोरच्याला आधीपासून होतीच, ती फक्त बोलून दाखवली होती. माणसाला कोणी ढकलू लागलं की तो पाय रोवतो. इथे पाय रोवायला कारणच उरलं नाही.

पण हा मंत्र कुठे थकतो तेही पाहायला हवं. क्रिस्टोफर कार्पेंटर यांनी २०१३मध्ये असे ४२ अभ्यास एकत्र तपासले. परिणाम बहुतेक ठिकाणी दिसला, मात्र मागितलेली गोष्ट तिथल्या तिथे करायची नसेल तर तो उतरत गेला. फ्लॅट विकायला देणं ही तिथल्या तिथे करायची गोष्ट नव्हे. म्हणजे पहिल्या मेसेजमध्ये "कामच द्या, पण तुमची मर्जी" असं लिहून फारसं हाती लागणार नाही. त्या मेसेजने मागायचं ते फार थोडं, आणि द्यायचं ते लगेच उपयोगी पडेल असं.

द्यायचं काय? बहुतेक एजंट आश्वासन देतात: जास्त भाव मिळवून देतो. इथे आणखी दोन अभ्यास आठवतात, दोन्ही अमेरिकेतले. मॅडिसन शहरात मालकांनी स्वतः विकलेली घरं आणि एजंटांमार्फत विकलेली घरं यांची तुलना २००९मध्ये प्रसिद्ध झाली. स्वतः विकणाऱ्यांना भाव कमी मिळाला नव्हता. एजंटांकडे घरं लवकर विकली गेली, आणि स्वतः प्रयत्न करून दमलेले बरेच मालक अखेर एजंटांकडेच वळले. दुसरा अभ्यास शिकागोच्या परिसरातला, २००८चा. एजंटांनी स्वतःची घरं विकली तेव्हा ती गिऱ्हाइकांच्या घरांपेक्षा साधारण साडेनऊ दिवस जास्त बाजारात राहिली आणि ३.७ टक्के जास्त भावाने गेली. स्वतःच्या घरासाठी ते थांबले होते!

कारण आपल्या फ्लॅटवर मांडून पाहू. दलाली १ टक्का धरली आणि १ कोटी १५ लाखांचा सौदा १ कोटी १० लाखांवर मिटला, तर बाईंचे ५ लाख जातात आणि एजंटाचे ५ हजार. पाच हजारांसाठी आणखी महिनाभर कोण थांबेल? भावाचं आश्वासन ऐकताना मालकाला हा हिशेब माहीत नसतो, पण वास येतोच. पुणे म्हणजे मॅडिसन नव्हे, हे खरं. तिथे सगळ्या एजंटांची सामाईक यादी असते, इथे तशी नाही. तरी पहिल्याच ओळीत भावाबद्दल छातीठोक बोलणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

तर आता तो मेसेज. जाहिरातीत 'ब्रोकरनी संपर्क करू नये' असं असेल तर, माझ्या मते, गप्प बसावं. कितीही गोड लिहिलं तरी ती घुसखोरीच. बाईंनी तसं लिहिलेलं नाही. एका एजंटने फोन न करता लिहिलं:

"नमस्कार. मी कोथरूडमध्ये रिसेल फ्लॅटचं काम करतो. महारेरा नोंदणी क्रमांक खाली दिला आहे. तुमच्या जाहिरातीत ९५० चौरस फूट आहे, पण ते कार्पेट की बिल्टअप हे लिहिलेलं नाही. तेवढं घातलंत तर चुकीच्या अपेक्षेने येणारे लोक कमी होतील. सध्या तुमच्या फ्लॅटसाठी माझ्याकडे ठरलेली पार्टी नाही. तुम्ही स्वतः विकत असाल तर उत्तमच. पुढे कागदपत्रांबद्दल काही विचारावंसं वाटलं तर लिहा. उत्तर दिलं नाहीत तरी चालेल. मी पुन्हा मेसेज करणार नाही."

यातली कार्पेटची ओळ मला सगळ्यात आवडते. ती जाहिरात नीट वाचल्याशिवाय लिहिताच येत नाही, त्यामुळे शंभर मालकांना एकदम पाठवता येत नाही. शिवाय ती खरी आहे. ९५० कार्पेट धरून हिशेब केला तर दर फुटाला सुमारे १२,१०० पडतो. घरातली वापराची जागा प्रत्यक्षात ७२० निघाली तर तोच दर जवळपास १६,००० होतो. पहिला हिशेब धरून आलेला ग्राहक दारातूनच परत जातो, आणि का गेला ते सांगत नाही. महारेराचा क्रमांक वेबसाइटवर पडताळता येतो. कायद्याची सक्ती नोंदणीकृत प्रकल्पांतल्या व्यवहारांपुरती असल्याने जुन्या इमारतीच्या रिसेलसाठी तो लागतोच असं नाही, पण दिलेला क्रमांक खरा निघाला तर माणूस कोण आहे एवढं तरी कळतं.

आणि "पार्टी नाही" ही कबुली? खोट्या दाव्यापेक्षा ती बरी, कारण 'पार्टी तयार आहे' हे खरं की खोटं ते ओळखायला एक सोपी युक्ती आहे. खरा ग्राहक हाती असलेला एजंट आधी अडचणीचे प्रश्न विचारतो: पार्किंग झाकलेलं आहे का, लिफ्ट आहे का, सोसायटीचं कन्व्हेयन्स झालंय का. कारण त्याच्या पार्टीच्या अटी असतात. खोट्या पार्टीला कुठलाही फ्लॅट चालतो. तिला फक्त मालकाचा होकार हवा असतो.

बाईंनी उत्तर दिलं नाही. जाहिरातीत मात्र 'बिल्टअप' हा शब्द घातला. एजंटनेही शब्द पाळला, पुन्हा लिहिलं नाही. गंमत अशी की न मागता आलेले इतर मेसेज त्यांनी पुसून टाकले, हा राहिला.

सहा आठवड्यांनी त्यांना स्वतःच एक ग्राहक मिळाला. सोसायटीच्या सेक्रेटरींनी ट्रान्सफरसाठी ७५ हजारांची 'देणगी' मागितली. द्यायची का, हे कुणाला विचारावं ते सुचेना. त्या एजंटचं नाव आठवत नव्हतं. त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपच्या शोधात 'कार्पेट' टाइप केलं आणि मेसेज सापडला.

त्याचं उत्तर दहा मिनिटांत आलं: "महापालिका हद्दीत ट्रान्सफर प्रीमियम २५ हजारांपेक्षा जास्त घेता येत नाही, देणगीच्या नावाखालीही नाही. सोसायटीचं पत्र लेखी मागा, मग बोलू."