झाकण नेमकं कशाचं?

‘झाकण काढून तेलाची पातळी तपासा.’

‘झाकण काढून यंत्र चालवू नका, जिवाला धोका आहे.’

एकाच पुस्तकातली ही दोन वाक्यं. पहिल्यातलं झाकण म्हणजे पंपाच्या तेलाच्या भांड्यावरचं छोटं टोपण. दुसऱ्यातलं झाकण म्हणजे ट्रॅक्टरपासून फवारणीच्या यंत्राकडे जाणाऱ्या शाफ्टवरची प्लॅस्टिकची नळी. आता समजा, तुम्ही बागेत उभे आहात, हात तेलकट आहेत आणि पुस्तकाचं हेच पान उघडलंय. कोणतं झाकण काढायचं आणि कोणतं अजिबात नाही, हे तुम्हाला कसं कळणार?

हा शाफ्ट म्हणजे पीटीओ शाफ्ट. तो साधारण मिनिटाला ५४० फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला ९. बाहीचं किंवा ओढणीचं टोक त्यात अडकलं तर ओढून घ्यायलाही वेळ मिळत नाही. म्हणून तर त्याच्यावर ती नळी असते आणि ती स्वतः फिरू नये म्हणून तिला बारीक साखळी लावलेली असते. इंग्रजी मूळ पुस्तकात तिला ‘गार्ड’ म्हटलं होतं, तेलाच्या टोपणाला ‘कॅप’ आणि गिअरबॉक्सवरच्या पत्र्याला ‘कव्हर’. आम्ही मराठीत तिन्हींचं ‘झाकण’ करून टाकलं!

‘आम्ही’ म्हणजे सुट्टीत पॉकेटमनीसाठी भाषांतर करणारे चौघं. द्राक्षबागेत चालतो त्या ब्लोअरचं २४० पानी मॅन्युअल, प्रत्येकाला ६० पानं. चौघांचं मराठी चांगलं, त्यामुळे शब्दांची यादी आधी करावी हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. एकाने ‘गार्ड’चं ‘संरक्षक कवच’ केलं, दोघांनी ‘झाकण’, मी ‘गार्ड’च ठेवलं. प्रत्येकाचं प्रकरण सुटं वाचलं तर बरोबरच वाटतं. गोंधळ दिसतो तो चारही एकत्र जोडल्यावर, आणि जोडायचं काम माझ्याकडे होतं.

मग पहिल्यापासून यादी केली. असं काम कधी तुमच्या हातात आलं तर पान १ पासून सुरू करू नका, मागून करा. मॅन्युअलच्या शेवटी सुट्या भागांची यादी असते, प्रत्येक भागाला नंबर असतो. ती यादी आणि आकृत्यांवरची नावं एवढं आधी उतरवून घ्या, कारण वाचणारा मजकुरातला शब्द आकृतीतल्या शब्दाशी जुळवून पाहतो. नंतर क्रियापदं घ्या. ‘सैल करा’, ‘काढा’ आणि ‘सोडवा’ यांत वाचणाऱ्याला फरक वाटतो, भाषांतर करणाऱ्याला नाही वाटत.

पुढचा प्रश्न, शब्द कुठला घ्यायचा? राज्याच्या भाषा संचालनालयाचे विषयवार परिभाषा कोश आहेत, ते आम्ही उघडले. आणि एका गॅरेजवाल्या काकांसमोर भागांची चित्रं ठेवून ‘याला काय म्हणता?’ एवढंच विचारलं. ते ‘झडप’ म्हणाले नाहीत, ‘व्हॉल्व्ह’ म्हणाले. पण टाकीच्या तोंडाशी बसते ती ‘जाळी’ आणि पंपाच्या आधी असतो तो ‘फिल्टर’, हा फरक त्यांनी न विचारता सांगितला. आम्ही दोन्हींना ‘गाळणी’ लिहून मोकळे झालो होतो. शेवटी कसोटी ठरली ती ही: शेतकरी स्पेअर पार्टच्या दुकानात कोणता शब्द बोलेल? तिथे जो चालेल तो पुस्तकात. कोशातला शब्द सुंदर असूनही हरला, असं बऱ्याचदा झालं. मला थोडं वाईट वाटलं, पण ते असो.

यादीत नुसती इंग्रजी-मराठी जोडी पुरत नाही, हे दुसऱ्याच दिवशी कळलं. ‘गार्ड’ची ओळ शेवटी अशी झाली: भागाचा नंबर, ‘फिरत्या भागापासून माणसाला वाचवणारं आवरण’ हा एका ओळीचा अर्थ, मराठी शब्द गार्ड, पुल्लिंग, ‘गार्डवर, गार्डचा’, नाकारलेले शब्द झाकण आणि संरक्षक कवच, ठरवल्याची तारीख. लिंग लिहिणं मराठीत टाळता येत नाही. एकाचा ‘गार्ड तुटलेला’ आणि दुसऱ्याचं ‘गार्ड तुटलेलं’ असेल, तर शब्द एकच असूनही वाचणाऱ्याला दोन वस्तू वाटू शकतात. नाकारलेले शब्द तर सगळ्यात कामाचे. प्रकरण देण्याआधी फक्त तेच शोधायचे. सापडले तर चूक.

पण शोधण्यातच आम्ही आपटलो. घाईत एकाने ‘झाकण’ निवडून सगळीकडे ‘गार्ड’ करून टाकलं. तेलाच्या टोपणाचाही गार्ड झाला, ‘उघडं झाकण’चं ‘उघडं गार्ड’ झालं, आणि सुरक्षेच्या पानावरचं ‘पूर्ण अंग झाकणारे कपडे घाला’ हे वाक्य झालं ‘पूर्ण अंग गार्डारे कपडे घाला’. आम्ही खूप हसलो, पण ते वाक्य औषध फवारताना काय घालायचं याचं होतं. आता नियम असा, की एकेक जागा बघूनच बदलायची, ‘सगळे बदला’ हे बटण बंद.

उलटी अडचणही आहे. ‘पट्टा’ शोधलात तर ‘पट्ट्याला’, ‘पट्ट्यावर’ सापडतच नाही, कारण विभक्ती लागली की शब्दाचं शेपूट बदलतं. म्हणून यादीत शोधायचा तुकडा वेगळा लिहावा लागतो, इथे ‘पट्ट’. त्यात ‘पट्टी’ही येते, ती डोळ्यांनी गाळायची. आणि ‘फेऱ्या’ हा शब्द तर भुतासारखा. दोघांच्या कीबोर्डवर तो दोन वेगळ्या प्रकारे टाइप होतो. एकाचा ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसऱ्याचा साधा ‘र’, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं चिन्ह. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, पण अनेकदा एक टाइप केला तर दुसरा सापडत नाही. ‘स्क्रू दोन फेऱ्या सैल करा’ अशी वाक्यं आमच्याकडून त्यामुळेच तपासायची राहिली होती. आता सगळ्यांनी एकच कीबोर्ड घेतलाय.

यादीची किल्ली एकाच माणसाकडे असावी, हेही ठेच लागूनच कळलं. बाकीचे प्रश्न विचारू शकतात, यादीत बदल करू शकत नाहीत. शब्द बदलला की त्याच ओळीत लिहायचं, कोणती प्रकरणं दुरुस्त झाली आणि कोणती बाकी आहेत. नाहीतर सहाव्या प्रकरणात नवा शब्द आणि दुसऱ्यात जुना, दोन्ही ‘यादीप्रमाणे’!

शेवटी एक शब्द अडला, ‘शील्ड’. सातव्या प्रकरणात इंग्रजी मूळ अचानक ‘गार्ड’ सोडून ‘शील्ड’ म्हणू लागलं. आमच्यातला एक म्हणाला, वेगळा शब्द म्हणजे वेगळी वस्तू, ‘ढाल’ करू या का? मी मागची यादी उघडली. आकृतीतला नंबर तोच, ‘गार्ड’चा. म्हणजे मूळ लिहिणारेही एकाहून जास्त असावेत आणि त्यांच्याकडेही यादी नसावी. तरी स्वतःच्या मनाने ठरवायचं नाही म्हणून कंपनीला विचारलं. बारा दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं, भाग एकच आहे. यादीत ‘शील्ड’समोर ‘गार्ड’ लिहिलं, तारीख टाकली आणि सातवं प्रकरण पुन्हा उघडलं.