एक उंबरा, तीन पावलं

दिवाळीला लेक चार दिवसांसाठी आपल्या पोरीला घेऊन आली आहे. दारात आजी उभी आहे. अशा वेळी या घराला काय म्हणायचं? पोरीसाठी ते आजोळ, तिच्या आईसाठी माहेर. आजीला विचारलं तर ती म्हणेल, हे माझं घर. पण पन्नास वर्षांपूर्वी ती इथे आली तेव्हा ते तिचं सासर होतं. भिंती त्याच, पण मराठीत त्या घराला तीन नावं पडली आहेत. शिवाय ही नावं घराला चिकटलेली नाहीत. घराकडे बघणारी बाई कुठून आली आणि आता कुठे जाणार, यावर ती ठरतात.

या तिघींच्या तीन नजरा एकाच गाण्यात मावतात. ते गाणं म्हणजे जात्यावरची ओवी. ते कसं घडतं हे पाहताना मला दर वेळी नव्याने नवल वाटतं.

आधी जातं पाहू. खालचा दगड स्थिर असतो, वरचा फिरतो आणि वरच्याच्या कडेला लाकडी खुंटा असतो. दळण जास्त असलं की दोघी समोरासमोर बसतात आणि दोघींचे हात त्याच खुंट्यावर असतात. एकीने ओढायचं, दुसरीने पुढे ढकलायचं. मधूनच एकजण मोकळ्या हाताने जात्याच्या तोंडात मूठभर दाणे घालते, त्याला वैरण घालणं म्हणतात. घरातले बाकी लोक उठण्याआधी, पहाटेच्या अंधारात हे काम चाले. एक बाई ओवी उचलते, समोरची तीच ओळ मागून म्हणते किंवा तिला आपली ओळ जोडते. ओवी असते दोन ओळींची. चाल लवचीक असते, म्हणून शब्द कमी पडले तर ‘गं बाई’ किंवा ‘सांगते’ घालून ती ताणता येते. एकीचं संपलं की गाणं थांबत नाही, समोरच्या तोंडी जातं. दमलेली उठते आणि तिच्या जागी दुसरी बसते तेव्हा खुंट्याबरोबर गाणंही तिच्या हाती येतं.

पण खरी किमया आहे ती ओवीतल्या ‘मी’मध्ये. ओवीतला ‘मी’ कुणा एकीच्या मालकीचा नसतो. जी गाते, तिचा तो होतो. हे समजून घेण्यापुरती मी स्वतः दोन ओळी जुळवते:

माझ्या घराच्या दाराला, उंबरा गं उंच बाई
ओलांडून जाऊ कशी, पाय उचलत नाही

आता ही ओवी पाच-सहा वर्षांच्या नातीच्या तोंडी द्या. पाय उचलत नाही, कारण पाय आखूड आहेत. जुन्या घरांचे उंबरे खरोखरच उंच असत, आणि लहान पोर दोन्ही हात टेकून, आधी एक गुडघा वर घेऊन तो ओलांडत असे. तिच्या तोंडी ही ओवी निव्वळ खरी माहिती आहे, तिच्यात दुःखाचा लवलेश नाही. ‘माझ्या घराच्या’ हेही ती बेलाशक म्हणते, कारण आजोळ आपलं नाही हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही.

खुंटा आईकडे गेला. शब्द एकही बदलला नाही. पण उद्या भाऊबीज उरकली की तिला सासरी परतायचं आहे, आणि आता पाय उचलत नाही तो वेगळ्याच कारणाने. उंबरा आत येताना तिला लागलाच नव्हता, बाहेर जाताना तो उंच झाला. नातीची ओवी बाहेरून आत पाहत होती, आईची आतून बाहेर पाहते आहे. ‘माझ्या’ या शब्दावर तिचा आवाज किंचित अडेल, कारण ती बोलते आहे त्या घरात आता चूल भावजयीची आहे. खऱ्या ओव्यांमध्ये माहेराबद्दल हजारो ओळी आहेत आणि त्यांत भाऊ-भावजयीचा विषय पुन्हा पुन्हा येतो. आईबाप आहेत तोवर माहेर, पुढे मात्र भावजय ‘या’ म्हणेल की नाही, ही धास्ती कितीतरी जणींनी गाऊन ठेवली आहे.

मग आजीची पाळी. आता गुडघे दुखतात म्हणून पाय उचलत नाही, इतकं साधं. पण ऐकणाऱ्याला दुसराही अर्थ लागतो. हिला आता कुठे जायचंच नाही. ज्या उंबऱ्यातून ती परकी म्हणून आत आली, तो ओलांडून शेवटी एकदाच जायचं आहे, आणि तेही स्वतःच्या पायांनी नाही. ‘माझ्या घराच्या’ हे तिघींपैकी खऱ्या हक्काने म्हणते ती हीच, जी या घरात जन्मलेली नाही.

एकाच वाक्याचे हे तीन अर्थ शब्दांत कुठेही लिहिलेले नाहीत. ते गाणारीच्या वयात आहेत. म्हणूनच ओवी कागदावर उतरवताना एक मोठा धोका असतो: कोण गात होती हे टिपलं नाही, तर ओळ हाती राहते आणि तिच्यातलं घर निसटतं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुण्यात राहून १९८०च्या दशकात ओव्या गोळा करायला सुरुवात केली, तेव्हा ही गोष्ट सांभाळली गेली. एक हजारांहून अधिक गावांतल्या तीन हजारांवर बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या आणि ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गावही नोंदलं गेलं. पुढे बर्नार्ड बेल या संगीत-अभ्यासकाच्या मदतीने त्यातल्या काही ध्वनिमुद्रित झाल्या. २०१७पासून ‘पारी’ म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया हा ठेवा लोकांसमोर आणते आहे. कान देऊन ऐकलं की लक्षात येतं, थकलेल्या आवाजातलं ‘आई’ आणि तरुण आवाजातलं ‘आई’ हे दोन वेगळे शब्द आहेत.

ही परंपरा किती मागे जाते? बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात, महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. म्हणजे हाताला काम आणि तोंडी ओवी हा जोड निदान नऊशे वर्षं जुना.

एक उणीव मात्र दिसते. या गाण्यात मुलगा, बाप, आजोबा स्वतःच्या तोंडाने जवळजवळ बोलतच नाहीत. कारण सरळ आहे: दळायला ते बसत नसत. आणखीही एक कारण मला जाणवतं. पुरुष ज्या घरात जन्मला त्याच घरात म्हातारा होई, त्याच्यासाठी त्या घराला आयुष्यभर एकच नाव पुरे. उंबऱ्याची उंची बदलते ती ओलांडणाऱ्याला.

गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या आणि रोजचं दळण थांबलं. लग्नात मात्र हळद दळायला जातं अजून मांडतात, त्याला धागा बांधून पूजा करतात, सवाष्णी खुंट्याला हात लावतात आणि एखादी म्हातारी ओवी उचलते. चार दिवसांनी त्याच घराच्या दारात तांदळाने भरलेलं माप ठेवलं जातं. नवी सून ते उजव्या पायाने लवंडते आणि उंबऱ्यावरून आत येते. जात्यावर ओवी म्हणणारी ती म्हातारी तेव्हा दाराच्या आत उभी असते आणि तिची नजर नवरीच्या पावलावर असते.